२४ पानी मासिक वार्तापत्राचा दर सोमवारी सारांश: मथळा आणि एक ओळ. जमत नाहीये.

पानपालट

आमच्या संस्थेचं मासिक वार्तापत्र निघतं, साधारण २४ पानांचं. ते कोणी पूर्ण वाचत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त बोलत कोणी नाही. आता कार्यकारिणीने ठरवलंय की दर सोमवारी सभासदांना एक छोटी मेल जाईल. त्यात मथळा, त्याखाली एक ओळ, आणि अंकातल्या पानाचा दुवा. काम माझ्याकडे आलं, कारण "तू लिहितेस ना काहीतरी".

पहिल्या सोमवारी अंकातले सगळे १९ लेख घेतले, प्रत्येकाचा मथळा जसाच्या तसा ठेवला आणि खाली एकेक ओळ लिहिली. पाठवल्यावर दोन तासांत तीन जणांनी एकच प्रश्न विचारला, "तो फोटो आणि पत्ता कधीपर्यंत द्यायचाय?" म्हणजे माझी ओळ वाचून त्यांना काही कळलंच नव्हतं. नमुन्यादाखल तोच मजकूर देते. अंकात असं होतं:

> सभासद नोंदी अद्ययावतीकरण : एक आवाहन
> संस्थेच्या स्थापनेपासून सभासदांचा विश्वास हेच आपले बळ राहिले आहे. गेल्या काही वर्षांत सभासदसंख्या वाढल्याने नोंदी अद्ययावत ठेवण्याची गरज कार्यकारिणीस जाणवत होती. त्या अनुषंगाने सर्व आजीव सभासदांनी आपला सध्याचा पत्ता व छायाचित्र कार्यालयाकडे द्यावे, असा निर्णय घेण्यात आला आहे. ज्यांनी मागील वर्षी ही माहिती दिली आहे त्यांनी ती पुन्हा देण्याची आवश्यकता नाही. अर्ज संकेतस्थळावर उपलब्ध आहे. २० तारखेपर्यंत माहिती न आल्यास मतदारयादीत नाव समाविष्ट करणे शक्य होणार नाही, याची नोंद घ्यावी.

माझी ओळ अशी: "सभासदांच्या नोंदी अद्ययावत करण्याबाबत कार्यकारिणीने महत्त्वाचा निर्णय घेतला आहे."

आता मलाच वाचताना लाज वाटते. पण चुकलं कुठे, ते नेमकं सांगा.

सरळरेषा

सोपं आहे. प्रत्येक लेखाचं पहिलं वाक्य उचलायचं. बातमीत सगळं महत्त्वाचं पहिल्या वाक्यात असतं, वर्तमानपत्रवाले तसंच लिहितात. १९ लेखांना २० मिनिटं लागतात. मी आमच्या गटासाठी असंच करतो.

खिडकीपाशी

माझ्या मते मूळ प्रश्न २४ पानांचा आहे. अंक १२ पानांवर आणा, दोन रकान्यांची मांडणी करा, फोटो मोठे घ्या. लोक वाचतील. आमच्याकडे कागद बदलला तेव्हापासून अंक हातात धरावासा वाटतो.

पानपालट

@खिडकीपाशी, अंक माझ्या हातात नाही हो. तो संपादक काढतात आणि तो २४ पानांचाच राहणार आहे. मला फक्त सोमवारची मेल करायची आहे.

@सरळरेषा, वरच्या मजकुराचं पहिलं वाक्य बघा. "सभासदांचा विश्वास हेच आपले बळ." हे पाठवू?

सरळरेषा

हा हा, नाही. मान्य. पण बाकीच्या १८ मध्ये चाललं असतं की.

मधला_बाक

मी सात-आठ वर्षं हेच काम केलं आहे, एका मोठ्या कर्मचारी संघटनेच्या परिपत्रकांचं. सरळरेषा म्हणतात ते बातमीला लागू पडतं, कारण बातमीदाराला माहीत असतं की उपसंपादक खालून कापणार. संस्थेच्या वार्तापत्रात कोणी कापणार नसतं, म्हणून लेखक आधी आभार मानतो, मग पार्श्वभूमी सांगतो, मग निर्णय, आणि अगदी शेवटी दंड. मुद्द्याचं ते शेवटच्या ओळीतच असतं. म्हणून मी उलटं वाचतो, तळापासून वर. "अन्यथा", "न आल्यास", "याची नोंद घ्यावी", "अपवाद म्हणून" असे शब्द दिसले की थांबायचं. बहुतेक वेळा बातमी तिथेच असते.

तुमच्या मजकुरात बातमी काय आहे? "नोंदी अद्ययावत" ही बातमी नाही. मतदारयादीतून नाव जाऊ शकतं, ही बातमी आहे. आणि ती सगळ्यांना लागू नाही, फक्त आजीव सभासदांना, त्यातही ज्यांनी गेल्या वर्षी माहिती दिली नाही त्यांना. मी असं लिहिलं असतं:

> आजीव सभासद: २० तारखेपर्यंत पत्ता-फोटो द्या, नाहीतर मतदारयादीत नाव नाही
> गेल्या वर्षी दिला असेल तर पुन्हा नको. बाकीच्यांसाठी अर्ज संकेतस्थळावर आहे. (पान ७)

मथळा आणि ओळ यांची कामं वेगळी आहेत, हे बघा. मथळ्याने सांगायचं कोणी, काय, कधीपर्यंत. मथळा वाचल्यावर वाचकाच्या मनात जो पहिला प्रश्न येतो त्याचं उत्तर ओळीने द्यायचं. इथे तो प्रश्न आहे, "मी तर मागे दिलं होतं, परत द्यायचं का?" तुम्ही मथळा तसाच ठेवला आणि ओळीत तोच मथळा जरा लांबवून परत लिहिला. "महत्त्वाचा निर्णय घेतला" हे सांगितलं, निर्णय सांगितला नाही.

अजून एक. अंकातला मथळा सारांशात कधीही जसाच्या तसा घेऊ नका. "एक आवाहन", "एक आढावा", "एक पाऊल पुढे" हे पानावर शोभतं, कारण खाली मजकूर असतो. तुमच्याकडे खाली मजकूर नाही.

रात्रपाळी

"फक्त यांना लागू" हे गाळलं की काय होतं ते माझ्याकडून ऐका. कामाच्या ठिकाणी मी असाच आठवड्याचा सारांश काढायचो. परिपत्रकात होतं की ज्यांची सेवा दहा वर्षांहून जास्त आहे त्यांना आरोग्य तपासणीसाठी अर्धी रजा, आणि ती विभागप्रमुखांनी मंजूर केल्यावरच. माझी ओळ होती, "आरोग्य तपासणीसाठी अर्धी रजा मिळणार." सोमवारी सकाळी तपासणी कक्षाबाहेर रांग. नवीन पोरंसुद्धा उभी. विभागप्रमुखाला काहीच माहीत नव्हतं, त्याने मला फोन केला. तो फोन मी विसरलो नाही.

तेव्हापासून नियम केला. मूळ मजकुरात "ज्यांनी", "ज्यांची", "केवळ", "मंजुरीच्या अधीन" असं काही असेल तर त्याचं चिन्ह माझ्या ओळीत असलंच पाहिजे. ओळ लांब झाली तरी चालेल.

आणि "विचाराधीन" चं "होणार" करू नका. हे तर मी दोनदा केलं.

पानपालट

अरे देवा. पहिल्याच मेलमध्ये माझं ते झालंय. अंकात होतं, "वार्षिक सभा दोन दिवसांची करण्याबाबत समिती विचार करीत आहे." मी लिहिलं, "वार्षिक सभा दोन दिवसांची." आखूड करायच्या नादात क्रियापदच उडवलं.

मधला_बाक

मराठीत हा धोका फार आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि कापताना आपण शेपूट कापतो. "करण्याचा विचार", "करण्याची शिफारस", "करण्यास मंजुरी" यात खरी बातमी शेवटच्या शब्दात आहे. तो शब्द पुढे आणायचा. "विचार सुरू: वार्षिक सभा दोन दिवसांची?" असं लिहा. फोनवर विषयाची ओळ मध्येच तुटली तरी "विचार सुरू" राहतो. तारखेचंही तेच, ती शेवटी ठेवली तर तुटणाऱ्या भागात जाते.

त्याच ओघात "करण्यात येणार असल्याचे कळविण्यात येत आहे" याचं "होणार" करा. सदर, उपरोक्त, अनुषंगाने वगैरे पाव्हणे काढले की निम्मी ओळ मोकळी होते आणि मग अट बसवायला जागा मिळते. लोक अट गाळतात ती जागेअभावी, आणि जागा खाल्लेली असते या शब्दांनी.

जुना_संपादक

मी एका संस्थेचं वार्तापत्र बरीच वर्षं पाहिलं आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने बोलतो. मधला_बाक यांचा सारांश वाचल्यावर कोण पान ७ उघडेल? सगळं तर सांगून टाकलंत. लेखकाने आठ दिवस खपून लिहायचं आणि तुम्ही त्याचा अर्क काढून चोथा आमच्याकडे ठेवायचा. ओळीने उत्सुकता वाढवावी, भूक मारू नये.

मधला_बाक

दादा, ज्या मजकुरावर कृती करायची आहे त्यात उत्सुकता कशाला? "मतदारयादीबाबत काय ठरलं? वाचा पान ७" असं लिहिलं तर फाईल न उघडणाऱ्या माणसाचं मत जाईल. तो उघडणार नाहीच, हे आपल्याला आधीपासून माहीत आहे. म्हणून तर सारांश काढतोय.

मुलाखत, प्रवासवर्णन, आठवणी यांचं वेगळं. तिथे अर्क निघतच नाही. तिथे लेखातली एक नेमकी गोष्ट घ्यावी आणि वाचकाला पानाकडे पाठवावं. तुमचं म्हणणं तिथे बरोबर आहे.

जुना_संपादक

अर्धं मान्य. पण उघडणाऱ्यांची संख्या पडली की अंकच बंद करा म्हणतील, आणि तेव्हा तुमच्या सारांशाला कच्चा माल कुठून येणार? याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्याकडेही नसावं.

सूत्रधार_७

मी आकड्यांच्या बाजूचा माणूस. उघडण्याच्या आकड्यावर फार जाऊ नका. मेल उघडली हे कळतं ते आत लपवलेल्या बारीक चित्रामुळे. ॲपलच्या मेल ॲपमध्ये २०२१ पासून अशी सोय आहे की चालू केली तर चित्रं आपोआप आधीच उतरवली जातात, माणसाने मेल वाचो न वाचो. म्हणजे "उघडलं" हा आकडा फुगलेला असतो. दुव्यावरचे क्लिक जास्त खरे. पण तेही उलटं वाचावं लागतं. कृतीच्या मजकुरावर फार क्लिक आले तर माझ्या मते ओळ अपुरी होती. त्यापेक्षा सोमवार-मंगळवारी कार्यालयात "कधीपर्यंत?" असे किती फोन आले ते मोजा.

@पानपालट, १९ लेख दर सोमवारी तेच पाठवणार का? अंक महिन्याचा आणि मेल आठवड्याची, हे कसं जुळवलंय?

पानपालट

तेच विचारणार होते. पहिल्या सोमवारी सगळे १९ पाठवले. आता दुसऱ्या सोमवारी काय पाठवू? माझा विचार होता की पानं वाटून घ्यावीत. पहिला आठवडा पान १ ते ६, दुसरा ७ ते १२, असं.

सूत्रधार_७

असं करू नका. पान २० वरच्या मजकुराची मुदत १० तारखेला संपत असेल तर तुमच्या हिशेबाने तो चौथ्या आठवड्यात जाईल. पानांचा क्रम हा मांडणी करणाऱ्याच्या सोयीचा असतो.

अंक आला की सगळ्या १९ लेखांची एक शीट करा. एका ओळीत एक लेख. माझे रकाने असे: A मथळा, B ओळ, C कोणासाठी, D शेवटची तारीख, E पान. मग दर सोमवारी हे सूत्र त्या आठवड्याचे लेख काढून देतं (गूगल शीट्समध्ये):

```
=FILTER(A2:E, D2:D>=TODAY(), D2:D<=TODAY()+10)
```

७ ऐवजी १० अशासाठी की पुढच्या सोमवारनंतर दोन-तीन दिवसांत संपणारी मुदत लोकांना फक्त पुढच्याच मेलमध्ये दिसली तर उशीर होतो. अशा लेखाला दोन सोमवार मिळतात. दुसऱ्यांदा देताना मथळ्याआधी "आठवण" लिहायचं.

सरळरेषा

हे मस्त. लगेच करून बघतो.

पानपालट

केलं. पण १९ पैकी फक्त ३ आले. मतदारयादीवाला आलाच नाही, तो तर यायलाच हवा होता ना? आज १२ तारीख आहे, म्हणजे २० दहा दिवसांच्या आत आहे.

सूत्रधार_७

D रकान्यात त्या लेखासमोर काय टाकलंय ते जसंच्या तसं लिहा.

पानपालट

"२० तारखेपर्यंत"

सूत्रधार_७

सापडलं. ते शीटसाठी शब्द आहेत, तारीख नाही. सूत्र कुरकुर न करता ती ओळ गाळतं, कुठेही लाल खूण दिसत नाही. ओळखायची खूण अशी की खरी तारीख आपोआप चौकटीच्या उजव्या कडेला चिकटते आणि शब्द डावीकडे राहतात. D रकाना वरून खाली डोळ्यांखालून घाला, डावीकडे जे आहे ते दुरुस्त करा.

आणि जिथे D रिकामा आहे, म्हणजे मुलाखत, अहवाल, आठवणी, ते या सूत्राने कधीच येणार नाहीत. त्यांना मुदत नसते, म्हणून त्यांना तुम्ही स्वतः एक "दाखवायची तारीख" द्यायची. मी दर सोमवारी असा एक किंवा दोन देतो. म्हणजे जुना_संपादकांचे लेखकही रुसत नाहीत. सूत्र चालवण्याआधी एकूण लेख मोजा, आणि महिन्याच्या चार यादींत मिळून तेवढे वेगळे लेख आले का हे शेवटी बघा. कमी असतील तर कोणीतरी गळलंय.

पानपालट

दुरुस्त केलं, आता ६ आले. जीवात जीव आला.

पण "२० तारखेपर्यंत" वरून आठवलं. एका सभासदाने विचारलं, २० धरून की २० च्या आधी? मी बघितलं तर २० तारखेला रविवार आहे आणि कार्यालय बंद असतं.

मधला_बाक

या "पर्यंत" ने माझं फार रक्त आटवलंय. मराठीत तो दोन्ही अर्थांनी चालतो आणि वाचक आपल्या सोयीचा अर्थ घेतो. याचा निकाल तुम्ही लावायचा नाही, ज्याने लिहिलंय त्याला विचारायचं. आणि उत्तर आलं की "पर्यंत" सोडून लिहायचं. "शेवटचा दिवस रविवार २०." वार घालायचाच. वार आणि तारीख जुळत नसेल तर तिथेच चूक सापडते, अंकातलीसुद्धा.

"येत्या शनिवारी", "पुढच्या आठवड्यात" हे अंकात असेल तर सरळ तारीख करा. अंक महिन्यापूर्वी लिहिला गेला, तुमची मेल आज जाते. तो "येता शनिवार" कधीच येऊन गेलेला असू शकतो.

पानपालट

विचारलं. उत्तर असं की ऑनलाइन अर्ज रविवारी २० च्या रात्रीपर्यंत चालेल, पण कागद हातात द्यायचा असेल तर शनिवारी १९ ला कार्यालय बंद व्हायच्या आत. अंकात यातलं काहीच नव्हतं! म्हणजे सारांश मूळ मजकुरापेक्षा जास्त सांगणार. हे चालतं का?

मधला_बाक

विचारून लिहिलं असेल तर चालतं, आणि ज्याने सांगितलं त्याला पाठवण्याआधी तुमची ओळ दाखवा. "एवढं बरोबर आहे ना?" दोन मिनिटांचं काम. अंदाजाने लिहिलं तर चालत नाही.

रात्रपाळी

माझ्याकडे आणखी एक नियम आहे. सारांश झाला की दुसऱ्या एका माणसाला फक्त सारांश द्यायचा, अंक नाही. त्याने प्रत्येक ओळीबद्दल सांगायचं की "मला आता काय करायचंय". मग मी अंकाशी ताडून बघतो. आमच्याकडे हे काम एक शिपाईकाका करायचे. ते ज्या ओळीवर कपाळाला आठ्या घालायचे ती ओळ हमखास फसलेली असायची.

खिडकीपाशी

मी आधी प्रश्न चुकीचा वाचला होता, क्षमस्व. पण माझीही एक शंका. अंकात श्रद्धांजली असते, अध्यक्षांचं मनोगत असतं. त्यांना एक ओळ कशी देणार?

मधला_बाक

श्रद्धांजलीचा सारांश करायचा नाही. नाव आणि पान, बस. "एका ज्येष्ठ सभासदाचे निधन झाले असून त्यांचे योगदान मोठे होते" अशी ओळ घरच्यांनी वाचली तर त्यांना काय वाटेल? आणि ती कृतीच्या मजकुरांच्या मध्ये नको. मेलच्या तळाशी, स्वतंत्र.

मनोगताचं असं की त्यात एखादं ठोस वाक्य असेल तर तेच ओळ म्हणून घ्या. काही वेळा अध्यक्ष मनोगतात सहज जाता जाता मोठी घोषणा करून जातात, म्हणून न वाचता सोडू नका. तसं काही नसेल तर तळाशी "अंकात याशिवाय" म्हणून शीर्षक आणि पान क्रमांक.

पानपालट

अध्यक्षांना तळाशी टाकलं तर मला तळाशी टाकतील.

जुना_संपादक

यावर मधला_बाक यांचं पुस्तकी उत्तर चालणार नाही. मनोगत वर ठेवा, पण एका ओळीत. वाचक ती ओळ ओलांडून पुढे जायला शिकतात.

मधला_बाक

मला हे पटत नाही. पहिली ओळ ओलांडायची सवय लागली की मेलच ओलांडायची सवय लागते. पण नोकरी तुमची आहे.

सूत्रधार_७

दोन बारीक गोष्टी सांगून मी निघतो.

एक, पानाचा दुवा. अंक पीडीएफ असेल तर दुव्याच्या शेवटी `#page=9` लावलं की संगणकावरच्या ब्राउझरमध्ये ते पान थेट उघडतं. फोनवर पुष्कळदा पहिलंच पान उघडतं, म्हणून ओळीत "पान ७" लिहाच. आणि हो, ७ आणि ९ ही माझी चूक नाही. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेला छापील आकडा नसतो, पण पीडीएफ त्यांनाही मोजते. दुव्यात ९, वाचकाला दिसायला ७.

दोन, अक्षरमर्यादा. कोणी सांगितलं की मथळा ५० अक्षरांत बसवा आणि तुम्ही `LEN` ने मोजलं, तर मराठीत फसाल. "मतदारयादी" डोळ्यांना ६ अक्षरं, `LEN` सांगतो ९, कारण काना-वेलांटी वेगळी मोजली जाते. "स्त्री" हे एक अक्षर, तो ६ म्हणतो. मोजण्यापेक्षा स्वतःच्या फोनवर चाचणी मेल पाठवा आणि कुठे तुटतं ते बघा.

पानपालट

आज दुसरी मेल गेली. ६ लेख, दोन मुदतीशिवायचे, आणि खाली "याशिवाय". पहिले तीन देते:

> आजीव सभासद: पत्ता-फोटोचा शेवटचा दिवस रविवार २०, न दिल्यास मतदारयादीत नाव नाही
> गेल्या वर्षी दिला असेल तर पुन्हा नको. हाती देणाऱ्यांसाठी शनिवार १९, कार्यालयीन वेळेत. (पान ७)
>
> विचार सुरू: वार्षिक सभा दोन दिवसांची?
> निर्णय झालेला नाही. गेल्या सोमवारी इथे "दोन दिवसांची" असं गेलं ती आमची चूक. (पान ३)
>
> वाचनकक्ष शुक्रवार १८ पासून संध्याकाळीही खुला
> सध्या फक्त सोमवार ते शुक्रवार. ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही. (पान २०)

मनोगत वर ठेवलं. हो, माहीत आहे.

"कधीपर्यंत" असा एकही फोन आला नाही. पण संपादकांचा आला. म्हणाले, १९ ची वेळ अंकात नाही, मग वाचकांना अंक खोटा वाटेल.

जुना_संपादक

त्यांचं चुकलेलं नाही. मेल आणि अंक यात फरक राहिला तर सहा महिन्यांनी वाद झाल्यावर पुरावा म्हणून अंकच काढला जाईल. त्यांना संकेतस्थळावरच्या पीडीएफमध्ये तरी टीप घालायला सांगा.

पानपालट

सांगते. आणि आत्ताच कळलं की वाचनकक्षाची सुरुवात १८ ऐवजी २५ ला गेलीय. मेल जाऊन चार तास झालेत. आत्ता दुसरी मेल पाठवू की पुढच्या सोमवारी?

मधला_बाक

आत्ता. पुढच्या सोमवारी १८ उलटून गेलेली असेल आणि लोक बंद दाराशी जाऊन आलेले असतील. फक्त तेवढाच मजकूर, विषयात "दुरुस्ती" हा पहिला शब्द, जुनी तारीख आणि नवी तारीख दोन्ही.

सरळरेषा

मी तर म्हणतो जुनी तारीख लिहूच नका. लोक घाईत जुनीच वाचतात.

रात्रपाळी

जुनी नसली तर काय बदललं हे कळत नाही. पण सरळरेषांचं म्हणणंही खोटं नाही, आमच्याकडे तसं झालंय. नवी आधी लिहा, जुनी मागून.

पानपालट

"दुरुस्ती: वाचनकक्ष संध्याकाळी शुक्रवार २५ पासून (१८ नव्हे)". पाठवली.